जोड-ब्रोशरमध्ये दुसऱ्या कंपनीचा लोगो: परवानगी कोणाकडे आणि कशी मागायची?

ठिबकवाला_नाशिक

मंडळी, सल्ला हवाय.

सातपूरला आमचं छोटं युनिट आहे. ठिबकचे व्हॉल्व्ह आपोआप फिरवणारा कंट्रोलर बनवतो. कोइमतूरची एक पंप कंपनी आहे, तिचे इकडचे डीलर गेल्या हंगामापासून त्यांच्या सबमर्सिबल पंपाबरोबर आमचा कंट्रोलर विकतात. शेतकऱ्याला एकाच दुकानात सगळं मिळतं, दोघांचंही बरं चाललंय.

डिसेंबरात मोशीला किसान प्रदर्शन आहे. तिथे वाटायला दोघांचं मिळून एक ब्रोशर काढायचं ठरलंय. ए-फोर, चार पानं, मराठीत, ५००० प्रती. छपाई आमच्या खर्चाने. त्यांचे विभागीय सेल्स मॅनेजर फोनवर म्हणाले, "टाका हो लोगो, विचारता काय!" डिझायनरने त्यांच्या वेबसाइटवरून लोगो उतरवून मुखपृष्ठावर आमच्या लोगोशेजारी बसवलाही.

आमच्या घरात हिशेब बायको बघते. तिचं म्हणणं, लेखी घ्या. माझं म्हणणं, एवढ्याशा गोष्टीसाठी पत्रव्यवहार केला तर समोरच्याला वाटेल यांचा विश्वास नाही. तर लेखी घ्यावं का, घ्यायचं तर कोणाकडून, आणि पत्रात नेमकं लिहायचं काय? कोणी केलंय का हे?

---

गडबडगुंडे

टाका आणि मोकळे व्हा. त्यांची फुकट जाहिरात होतेय, वर तुमच्या पैशाने. कोण कशाला तक्रार करेल? गावोगावच्या हार्डवेअरच्या दुकानांवर सिमेंटचे आणि रंगाचे लोगो असतात, ते दुकानदार काय अर्ज करून लावतात?

---

सुमेधा_प

@गडबडगुंडे, त्या पाट्या बहुतेक वेळा कंपनीच लावून देते. तिचा माणूस येतो, माप घेतो, कंपनीच्या एजन्सीकडून बोर्ड बनून येतो. दुकानदाराचं नाव खाली बारीक आणि कंपनीचं वर ठसठशीत, ते उगाच नाही. म्हणजे तुमचं उदाहरण परवानगीचंच निघालं :)

---

उंबरकरकाका

आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत एका पतपेढीचा लोगो उलटा छापला गेला होता. चेअरमन विसर्जनापर्यंत बोलले नाहीत. तेव्हापासून आम्ही जाहिरातदाराकडून मजकूर सहीशिक्क्यानिशी घेतो. तुम्ही पण जाहिरातीचे पैसे आधी घ्या, नंतर कोणी देत नाही.

---

ठिबकवाला_नाशिक

काका, ते आमचे जाहिरातदार नाहीत हो, बरोबरीने विकणारे आहेत. पण उलट्या लोगोची धास्ती घेतली :)

---

हिशेबी

सोपा उपाय सांगतो. लोगोच्या बाजूला गोलातला आर टाका आणि शेवटच्या पानावर "सर्व बोधचिन्हे संबंधित मालकांची" असं बारीक अक्षरात लिहा. मग परवानगी लागत नाही. सगळे असंच करतात.

---

वकीलबाई_ठाणे

@हिशेबी, तुमच्यातलं निम्मं बरोबर आहे. ती ओळ टाकायला हवी, पण तिने परवानगीची जागा भरून निघत नाही. "ही वस्तू दुसऱ्याची आहे" असं लिहून ती वापरली तर ती दुसऱ्याचीच राहते, एवढंच.

आणि गोलातला आर मनाने टाकू नका. भारतात नोंदणी झालेल्या चिन्हालाच तो लावता येतो. नोंदणी नसताना तसं दाखवलं तर ट्रेड मार्क्स अ‍ॅक्ट, १९९९ च्या कलम १०७ मध्ये येतं. टीएम ही अक्षरं मात्र नोंदणी नसलेल्या चिन्हालाही चालतात. कंपनी स्वतः जसं वापरते तसंच उचलायचं. शंका असेल तर ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या वेबसाइटवर कोणालाही शोधता येतं. पंप वर्ग ७ मध्ये येतात. तिथे नोंदणी कोणाच्या नावावर आहे तेही दिसतं, आणि धागाकर्त्यांच्या दृष्टीने ते जास्त कामाचं आहे.

आता मूळ प्रश्न. नाव आणि लोगो यांत फरक करा. "हा कंट्रोलर अमुक कंपनीच्या पंपांबरोबर चालतो" असं साध्या अक्षरांत लिहायला कायदा बऱ्यापैकी मोकळीक देतो. कलम ३० मध्ये सुट्या भागांसाठी आणि जोडवस्तूंसाठी तशी सोय आहे. अट अशी की तसं लिहिणं खरोखर गरजेचं असावं, आणि तुमचा माल त्यांचाच आहे असा समज होऊ नये. लोगो मुखपृष्ठावर तुमच्या लोगोला चिकटून आला की ही दुसरी अट डळमळते. पाहणाऱ्याला वाटतं, दोघांनी मिळून बनवलेला माल आहे. शिवाय लोगो हे चित्र आहे, म्हणून त्यावर कॉपीराइटही असतो.

म्हणून नाव लिहायला फारसं अडत नाही, लोगोला लेखी परवानगी घ्या. वहिनींचं बरोबर आहे.

---

ठिबकवाला_नाशिक

हा प्रतिसाद घरी दाखवणार नाही.

---

पिंपरीचा_पोऱ्या

वकीलबाईंनी नोंदणी कोणाच्या नावावर ते बघा म्हटलंय, त्याला माझं +१. आमची कंपनी एका जर्मन कंपनीची इथली शाखा आहे. चिन्ह तिकडच्या मूळ कंपनीच्या नावावर, आम्हाला ते वापरायची परवानगी. पण ती दुसऱ्याला द्यायचा अधिकार आम्हाला नाही. एका डीलरला आमच्या सेल्सवाल्याने तोंडी हो म्हटलं होतं. तिकडून विचारणा आली तेव्हा त्याचं उत्तर होतं, मी फक्त बॅनरला हो म्हटलं होतं. डीलरने गाडी रंगवून घेतली होती.

सेल्सवाल्याला नकार देण्यात रस नसतो, त्याला माल हलवायचा असतो. त्याचा होकार म्हणजे "माझी हरकत नाही" एवढाच समजा.

---

गडबडगुंडे

बरं, लेखीच पाहिजे ना? मग मेल टाका: "सोमवारपर्यंत उत्तर न आल्यास आपली संमती आहे असे समजून छपाईस देऊ." उत्तर कोणी देत नाही, काम झालं. आम्ही सोसायटीत असंच करतो.

---

वकीलबाई_ठाणे

समोरच्याच्या गप्प बसण्याला तुम्ही एकतर्फी होकार ठरवू शकत नाही. उलट तो मेल तुमच्याच विरुद्ध पुरावा होतो: परवानगी लागते हे माहीत होतं, मिळाली नाही, तरी छापलं. तारीख जरूर द्या, पण "या तारखेपर्यंत होकार न आल्यास लोगोशिवाय छापू" अशी द्या. हे वाक्य लिहिलं की समोरचा माणूसही जरा हलतो, कारण आता लोगो जाणार तो त्यांचा.

सोसायटीबद्दल मी काही बोलत नाही.

---

मीनल_ब

धागा आत्ता पाहिला. मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते. पुण्यातल्या एका कंपनीत (पंपाची नाही) ब्रँड विभागात आहे आणि असे अर्ज माझ्याकडेच येतात. ते कुठे अडतात ते सांगते.

लोगोपाशी फार कमी अडतं. अडतं ते लोगोच्या आजूबाजूच्या मजकुरापाशी. आमचा लोगो ज्या पानावर आहे त्या पानावरचं प्रत्येक वाक्य आम्ही म्हटल्यासारखं होतं. "आपल्या लोगोचा वापर करण्याची परवानगी मिळावी" एवढंच पत्र आलं की मी ते बाजूला ठेवते, कारण कशाला हो म्हणायचं तेच कळत नाही. पूर्ण मांडणी केलेलं पान, खरा मजकूर आणि खरे फोटो घालून, पीडीएफमध्ये जोडलेलं असेल तर मी त्याच दिवशी वाचते.

तुमच्या ब्रोशरमध्ये पहिली गोष्ट बघितली जाईल ती वॉरंटी. शेतकऱ्याने मुखपृष्ठावर दोन लोगो पाहिले, सहा महिन्यांनी कंट्रोलर बंद पडला, तर तो पंपाच्या कंपनीला फोन करणार. मग तिकडच्या सर्व्हिसवाल्याने काय करायचं? पंपाची वॉरंटी कोणाची, कंट्रोलरची कोणाची आणि कुठला नंबर कशासाठी, हे ब्रोशरमध्येच स्पष्ट असेल तर निम्मी शंका तिथेच मिटते.

दुसरी गोष्ट म्हणजे आकडे. "४० टक्के पाणी वाचते" असं कुठे लिहिलं असेल तर विचारलं जाईल, कुठल्या पिकावर, कशाशी तुलना करून, कोणी मोजलं? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानंतर दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय प्राधिकरण दंड करू शकतं, तेव्हापासून आमच्याकडचे कायदेवाले टक्क्याचं चिन्ह दिसलं की सावध होतात. आकडा तुमचा असला तरी शेजारी लोगो आमचा असतो.

---

ठिबकवाला_नाशिक

मीनलताई, तुम्ही आमचं ब्रोशर चोरून पाहिलंत की काय? दुसऱ्या पानावर मोठ्या हिरव्या अक्षरांत "४०% पाणी बचत, ३०% वीज बचत" आहे. पाण्याचा आकडा निफाडच्या एका द्राक्षबागेत मोजलेला आहे. विजेचा डिझायनरने सुचवला, पाण्याबरोबर बरा दिसतो म्हणून.

---

सुमेधा_प

"बरा दिसतो म्हणून" :D

---

अक्षरजुळारी

मी छापखानेवाला. लोगो वेबसाइटवरून उतरवलाय असं वाचलं आणि पोटात गोळा आला.

वेबसाइटवरचा लोगो साधारण ४०० पिक्सेल रुंद असतो. छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात, म्हणजे तो साडेतीन सेंटीमीटरसुद्धा नीट भरत नाही. मग डिझायनर काय करतो, तो कोरलमध्ये ट्रेस करतो. कोपरे गोल होतात, अक्षरांची जाडी बदलते. तुम्हाला-आम्हाला कळत नाही, पण ज्यांचा लोगो आहे त्यांना लांबून कळतं. त्यात पांढऱ्या चौकटीसकट हिरव्या पट्टीवर बसवलेला असेल तर विचारूच नका.

परवानगी मागताना त्याच पत्रात फाइलही मागा. व्हेक्टर फाइल हवी: एआय, ईपीएस किंवा व्हेक्टर पीडीएफ, अक्षरं कर्व्हमध्ये बदललेली. रंगाचे सीएमवायके आकडे मागा, आणि त्यांचा ठरलेला पँटोन असेल तर तोही. तुमचं काम चार रंगांतच होणार, पाचवा रंग कोणी घालणार नाही, पण सीएमवायके आकडे कंपनीकडून आले की "निळा जांभळट आला" हे भांडण माझ्या दारात येत नाही. गडद पार्श्वभूमीसाठीचा पांढरा लोगो वेगळा असतो, तोही घ्या. मोठ्या कंपन्यांकडे या सगळ्याची नियमपुस्तिका असते. लोगोभोवती किती जागा मोकळी सोडायची, किती मिलिमीटरपेक्षा लहान करायचा नाही, सगळं त्यात असतं.

अवांतर: ५००० प्रती १७० जीएसएमवर प्रदर्शनात वाटणार? निम्म्या लोक पार्किंगमध्ये टाकतात. १३० घ्या, पैसे वाचतील.

---

हिशेबी

१३० जीएसएम हातात धरल्यावर लिबलिबतं. १७० च ठेवा.

---

अक्षरजुळारी

चार पानी म्हणजे मधे एक घडी. १७० ला घडीवर रंग फुटतो, आधी क्रीझ मारावी लागते. पैसे तुमचे नाहीत म्हणून सांगताय.

---

कोल्हापुरी_पंप

आमचा स्वतःचा पंपांचा धंदा आहे, लहान. अजून कोणी विचारलं नाही म्हणून विचारतो: ब्रोशरवर आयएसआयचा शिक्का आहे का? पंपाच्या फोटोबरोबर तो आपोआप येतो, कारण पंपावरच छापलेला असतो. सबमर्सिबल पंपसेटला आयएस ८०३४ आहे. पण शिक्का म्हणजे नुसतं चित्र नव्हे. वर मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक लागतो, आणि तो परवाना त्या कंपनीचा, त्या कारखान्याचा असतो. तुमचा कंट्रोलर त्यात येत नाही. दोन्ही वस्तू एका फोटोत आणि कोपऱ्यात आयएसआय असं झालं तर कंट्रोलरही आयएसआयचा वाटतो. पंप कंपनी परवाना सांभाळून असते, ती हे खपवून घेणार नाही.

तसंच पीएम-कुसुमचं नाव किंवा सरकारी चिन्ह शोभेला टाकलं असेल तर काढा. अशोकस्तंभाला तर वेगळा कायदाच आहे, २००५ चा. तिथे पंप कंपनीची परवानगी असून उपयोग नाही.

---

ठिबकवाला_नाशिक

आयएसआय आहे, कोपऱ्यातच. अशोकस्तंभ नाही, देवाची कृपा.

आता पत्राचं कोणी सांगा. इंग्रजीत आमची गाडी "रिस्पेक्टेड सर" च्या पुढे जात नाही.

---

मीनल_ब

मराठीत कच्चं लिहून देते, इंग्रजी करून घ्या. पत्र आधी सेल्स मॅनेजरना पाठवा आणि त्यांनाच विनंती करा की "हे आपल्या मार्केटिंग किंवा ब्रँड विभागाकडे पुढे पाठवाल का". त्यांना डावलून थेट वर गेलात तर ते दुखावतील, आणि रोजचं काम त्यांच्याशीच आहे. विश्वास नाही असं वाटेल ही तुमची काळजीही त्यातच मिटते. "तुमच्या कंपनीची पद्धत पाळायची आहे" म्हटलं की वाईट वाटायचं कारण राहत नाही.

*विषय: किसान प्रदर्शनासाठीच्या संयुक्त ब्रोशरमध्ये आपला लोगो वापरण्यास परवानगी*

*आपल्या सबमर्सिबल पंपांबरोबर चालणाऱ्या आमच्या ठिबक कंट्रोलरची माहिती देणारे चार पानी मराठी ब्रोशर आम्ही छापत आहोत. त्यात आपला लोगो पान १ आणि पान ४ वर, सोबतच्या पीडीएफमध्ये दाखवलेल्या जागी व आकारात वापरण्याची लेखी परवानगी मिळावी.*

*छापील ५००० प्रती. वाटप मोशी येथील प्रदर्शनात व आपल्या महाराष्ट्रातील डीलरांमार्फत. हीच पीडीएफ डीलरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्याचाही विचार आहे, त्यासाठीही परवानगी हवी. मुदत पुढील ३१ मार्चपर्यंत, किंवा आपला-आमचा विक्री करार संपेपर्यंत, जे आधी होईल ते.*

*लोगो आपण पाठवलेल्या फाइलमधूनच, कोणताही बदल न करता छापला जाईल. लोगो आपल्या मालकीचा असून परवानगीने वापरला आहे अशी ओळ शेवटच्या पानावर असेल. तिचा मजकूर आपण सुचवावा. मंजुरीनंतर मजकुरात बदल झाल्यास ते पान पुन्हा आपल्याकडे पाठवू.*

*कृपया व्हेक्टर फाइल, रंगांचे तपशील व लोगो वापराचे नियम पाठवावेत. अमुक तारखेला ब्रोशर छपाईस जाईल. तोपर्यंत मंजुरी न आल्यास आपल्या लोगोशिवाय छापू.*

एवढंच. पानभरापेक्षा मोठं करू नका. मुदत आणि प्रतींचा आकडा स्वतःहून लिहिला म्हणजे समोरच्याचं काम हलकं होतं. "कायमची, सगळीकडे" अशी परवानगी मागितली की फाइल कायदा विभागाकडे जाते आणि तिथे लोणच्यासारखी मुरते.

आणि एक. कोइमतूरला मराठी वाचणारा माणूस असेलच असं नाही. पीडीएफबरोबर प्रत्येक पानाचा इंग्रजी मजकूर वेगळ्या कागदावर, त्याच क्रमाने द्या. न वाचता आलेल्या पानाला कोणी मंजुरी देत नाही, आणि "भाषांतर करून घेतो" म्हटलं की एक आठवडा गेला. त्यांचं नाव देवनागरीत कसं लिहायचं तेही त्यांच्याकडून लिहून घ्या. लोगो आहे तसा इंग्रजीतच ठेवायचा, त्याचं देवनागरी रूप आपण बनवायचं नाही.

---

गडबडगुंडे

इतकं सगळं करेपर्यंत प्रदर्शन संपेल. पण पत्र चांगलंय, वाखू साठवली.

---

वकीलबाई_ठाणे

मीनल, पत्र छान. दोन गोष्टी जोडते.

ठिबकवाले, आधी तुमचा विक्री करार काढून वाचा. असल्या करारांत बहुतेक वेळा चिन्हांबद्दल एक कलम असतंच: पूर्वलेखी संमतीशिवाय वापर नाही, करार संपल्यावर वापर बंद. त्यात परवानगी कोणाकडून घ्यायची तेही लिहिलेलं असू शकतं. तसं असेल तर पत्रात त्या कलमाचा क्रमांक टाका.

दुसरं, ब्रोशरमध्ये "भागीदार" किंवा "पार्टनर" लिहिलंय का? धंद्यात सगळे सहज म्हणतात, पण भागीदारी कायद्यात कलम २८ आहे. स्वतःला भागीदार म्हणवून घेतलं, किंवा कोणाला तसं म्हणू दिलं, आणि त्यावर विसंबून कोणी उधार दिलं, तर देणं अंगावर येऊ शकतं. ब्रोशरवरून प्रकरण तिथवर जाणं कठीण, पण समोरच्या कंपनीचा वकील तो शब्द खोडणारच. "अमुक पंपांबरोबर वापरण्यास योग्य" लिहा. तेही त्यांनी तसं तपासलं असेल तरच.

---

पिंपरीचा_पोऱ्या

उलट बाजूही बघा. त्यांनी उद्या तुमचा लोगो त्यांच्या कॅटलॉगमध्ये टाकला तर? त्याच पत्रात "आमचा लोगोही याच अटींवर या ब्रोशरपुरता वापरता येईल" असं एक वाक्य टाका. देवाणघेवाण सारखी वाटते.

---

मीनल_ब

@पिंपरीचा_पोऱ्या, चांगलं आहे, पण मी ते वेगळ्या मेलमध्ये करेन. एका पत्रात दोन परवानग्या आल्या की दोन विभाग आले.

---

ठिबकवाला_नाशिक

करार काढला. कलम आहे, अगदी बाईंनी सांगितलं तसं. "पूर्वलेखी संमती", आणि ती "कंपनीच्या अधिकृत प्रतिनिधीची". सेल्स मॅनेजर त्यात बसतात का हे करार सांगत नाही, म्हणून त्यांनाच विचारलं. ते हसले आणि म्हणाले, "मी कुठला अधिकृत, माझ्या प्रवासखर्चालासुद्धा वरची सही लागते." त्यांनी स्वतःच मार्केटिंगच्या बाईंचा मेल दिला आणि पत्र पुढे पाठवलं. इंग्रजी मजकुराचा कागद भाच्याने करून दिला.

उत्तर आल्यावर कळवतो.

---

उंबरकरकाका

पैसे आले का?

---

ठिबकवाला_नाशिक

काका :)

उत्तर आलं. परवानगी दिलीय, पण पान बदलून. इतरांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितो.

मुखपृष्ठावर दोन लोगो शेजारी-शेजारी नको म्हणाले. वर आमचा, कारण ब्रोशर आमचं आणि खर्चही आमचा. त्यांचा खाली उजवीकडे, आणि वर "या पंपांबरोबर वापरण्यास योग्य" असं छोट्या अक्षरात. मला सुरुवातीला जरा लागलं, पण आता पान बघितलं तर कोण काय विकतंय ते चटकन कळतं.

विजेचा आकडा पूर्ण काढायला लावला. पाण्याचा ठेवायचा असेल तर "निफाड येथील एका द्राक्षबागेत, आधीच्या हाताने चालवलेल्या व्हॉल्व्हच्या तुलनेत" असं त्याच ओळीत, तळटीप चालणार नाही. तसं लिहिलं आणि ४० टक्के एकदम अंगात आल्यासारखं वाटायचं ते कमी झालं. खरं सांगायचं तर स्टॉलवर समजावून सांगायला हेच सोपं आहे.

वॉरंटीची चौकट शेवटच्या पानावर आली. डावीकडे पंप, त्यांचा नंबर. उजवीकडे कंट्रोलर, आमचा नंबर. हे मीनलताईंचं वाचून आम्हीच आधी टाकलं होतं, त्याला हात लावला नाही.

आयएसआय शिक्का पंपाच्या फोटोखाली हलवला, त्यांनी परवाना क्रमांकासकट पाठवलेलं चित्र वापरून. फोटोत आता कंट्रोलर नाही, त्याचा वेगळा फोटो.

फाइल ईपीएसमध्ये आली, नियमपुस्तिकेसकट. छापील लोगो २५ मिलिमीटरपेक्षा अरुंद नको असं त्यात होतं. आमच्या डिझायनरने शेवटच्या पानावर १८ चा बसवला होता.

---

अक्षरजुळारी

मशीन प्रूफ कंपनीला दाखवणार का? दाखवा. निदान त्या पानाचा दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो नको, कुरिअरने कागद पाठवा. फोटोत निळा कधीच खरा दिसत नाही.

---

ठिबकवाला_नाशिक

कुरिअरनेच पाठवतोय. आणि १७० जीएसएमच घेतोय, माफ करा :)

एक गोष्ट मात्र लटकलीय. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पीडीएफला त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "डिजिटलचं आमचं धोरण ठरतंय" असं आलंय. आणि मुदत ३१ मार्चच दिली. एप्रिलमध्ये हजारभर प्रती उरल्या तर काय करायचं?

---

वकीलबाई_ठाणे

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, इतकं सरळ आहे. परवानगी छापील प्रतींची आहे. उरलेल्या प्रतींसाठी मार्चच्या सुरुवातीलाच मुदतवाढ मागा, शिल्लक प्रतींचा आकडा लिहून.

---

मीनल_ब

मी इथे वकीलबाईंपेक्षा थोडी सैल आहे. फक्त लोगो काढलेली पीडीएफ करा, त्यांचं नाव साध्या अक्षरांत ठेवून, आणि ती डीलरांना पाठवा. नाहीतर डीलर छापील पानाचे मोबाइलवर फोटो काढून फिरवतील, त्याला कोण अडवणार?

---

वकीलबाई_ठाणे

लोगोशिवायच्या पीडीएफला माझी हरकत नाही. मांडणी मात्र इतकी सारखी ठेवू नका की लोगो खोडल्यासारखं दिसेल. डीलरांच्या फोटोंचं उत्तर माझ्याकडेही नाही. पत्रात एक ओळ टाकून ठेवा की डीलरांनी परस्पर केलेल्या वापराला तुम्ही जबाबदार नाही. कंपनी मान्य करेल का, माहीत नाही.

---

कोल्हापुरी_पंप

करणार नाही. मी केलं नसतं.

---

गडबडगुंडे

स्टॉल नंबर टाका राव. रविवारी येतो, ब्रोशर घेतो आणि पार्किंगमध्ये टाकत नाही.

---

ठिबकवाला_नाशिक

नंबर अजून मिळायचाय, मिळाला की टाकतो. लोगोशिवायची पीडीएफ आज डिझायनरला सांगितली, आणि ती पण आधी मार्केटिंगच्या बाईंना दाखवूनच पाठवणार. बायकोची अट आहे.